मुंजीसाठी स्वतःच्या हातानं घालता येईल असा ब्लाउज आणि सोसवेल अशी साडी

प्रश्न: "मी ६६ वर्षांची, सांगलीत विश्रामबागला राहते. वैशाखात नातवाची मुंज आहे, कार्यालय मिरजेत, मुहूर्त सकाळी लवकरचा. माझा उजवा हात कानाच्या वर जात नाही आणि बोटांचे सांधे धरलेत, त्यामुळे ब्लाउजचे हुक लागत नाहीत. एरवी सून लावून देते, पण त्या दिवशी तिला श्वास घ्यायला फुरसत नसेल. ड्रेस मी कधी घातला नाही, साडीच नेसणार. घरात दोन साड्या काढून ठेवल्यात. एक मुलानं घेतलेली मोतिया रंगाची टिश्यू आणि एक माझी जुनी वांगी रंगाची, हळदी काठाची नारायणपेठ. यजमान गेल्यापासून मी फिकंच नेसते. काय नेसू आणि ब्लाउज कसा शिवून घेऊ? छाती ४०, दंड १३, कंबर ३८."

उत्तर:

ताई, साडीचं नंतर बघू. आधी ब्लाउज. साडी कुणीही नेसवून देईल, चुलत जाऊ देईल, शेजारीण देईल. पण ब्लाउज घालणं आणि काढणं हे काम दार लावून एकटीनं करायचं असतं, आणि कार्यालयात ते एकदाच करून भागत नाही. घामानं जीव घाबरा झाला, जेवणानंतर दोन हुक सैल करावेसे वाटले, पदरावर आमटी सांडली, अशा वेळी सुनेला मांडवातून हाक मारायची नसेल तर ब्लाउज तुमच्या हातांना झेपला पाहिजे. माझ्याकडे साठीच्या पुढच्या बायका येतात तेव्हा मी टेप घेण्याआधी त्यांना हात वर करायला सांगते, पाठीमागे न्यायला सांगते, आणि एक बटण हातात देऊन ते धरायला सांगते. त्यावर सगळा ब्लाउज ठरतो.

नेहमीचा हुक तुम्हाला का लागत नाही ते बघा. बारीक हुक लावायला अंगठा आणि पहिलं बोट यांची चिमूट घट्ट धरावी लागते, दुसऱ्या हातानं पट्टी ताणावी लागते, आणि दोन्ही एकाच वेळी. धरलेल्या सांध्यांना नेमकी चिमूटच जमत नाही. मग कुणीतरी सुचवतं की टिचबटणं लावा. टिचबटण बंद करायला अंगठ्याचा जोर लागतो, आणि तो जोर आपल्याच छातीवर दाबून द्यायचा असतो. मागून आधार नसल्यानं ते बसत नाही, बसलं तर दुखतं. चेन सोपी वाटते, पण पूर्ण उघडणाऱ्या चेनचं खालचं टोक त्या छोट्या घरात बसवणं हे हुकापेक्षाही नाजूक काम. चुंबकाची बटणं हल्ली मिळतात आणि ती हाताला खरंच सोपी आहेत, पण ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी ती छातीवर मुळीच वापरू नयेत. चुंबक त्या यंत्रापासून निदान सहा इंच लांब ठेवायचा असतो, आणि ब्लाउजची पट्टी तर त्याच्या शेजारीच येते. तुम्हाला पेसमेकर नसला तरी मुंजीत कुणीतरी गळामिठी मारणारच, आणि त्यांना असू शकतो. म्हणून मी समारंभाच्या ब्लाउजला चुंबक लावत नाही.

तुमच्यासाठी मी वेल्क्रो आणि पॅन्टचा हुक अशी जोडी करीन. वेल्क्रोचा गुण असा की तो आडव्या ओढीला घट्ट धरतो आणि कडेपासून सोलला की सहज सुटतो. ब्लाउजवर ओढ आडवीच असते, म्हणून तो टिकतो, आणि काढताना कड धरून ओढली की बोटांना जोर लागत नाही. पण तुम्ही नातवाला ओवाळायला वाकलात, की छातीच्या मध्यावर पट्टी फुगते आणि तिथून वेल्क्रो सोलला जायला लागतो. म्हणून बरोबर त्या जागी एक, आणि खालच्या पट्ट्याला एक, असे दोन पॅन्टचे चपटे हुक लावायचे. हे हुक मोठे, सपाट असतात. ते चिमटीनं नव्हे तर तळहातानं सरकवूनही अडकतात. हुक ओढ घेतात, वेल्क्रो पट्टी मिटून ठेवतो.

शिंपिणीला सांगताना असं सांगा. पुढून उघडणारा ब्लाउज, खालपर्यंत पूर्ण उघडणारा. पट्टी नेहमीच्या पाऊण इंचाऐवजी सव्वा ते दीड इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींवर नीट चढतील. वेल्क्रोचे एक इंच लांब, पाऊण इंच रुंद असे चार तुकडे, सलग पट्टी नको. सलग पट्टी लावली की ब्लाउजचा पुढचा भाग पुठ्ठ्यासारखा ताठ होतो आणि बसल्यावर पोटाशी दुमडून टोचतो. तुकड्यांचे कोपरे कात्रीनं गोल करून घ्यायचे आणि चारी बाजूंनी शिवायचे. मागे गोंद असलेला चिकटवायचा वेल्क्रो मिळतो, तो घेऊ नका. मशीनची सुई चिकट होते, आणि घामानं, उन्हानं गोंद सुटतो. काटेरी बाजू खालच्या पट्टीवर, तोंड बाहेर, आणि मऊ बाजू वरच्या पट्टीच्या आतून. उलटं लागलं तर काटे दिवसभर कातडीकडे तोंड करून बसतील. वरून दिसायला कापडानं मढवलेली पाच मोठी बटणं नुसतीच टाचायची. ती उघडत नाहीत, पण ब्लाउज समारंभाचा दिसतो आणि आत काय आहे हे कुणाला कळत नाही.

एक गोष्ट शिंपिणीच्या हातून हमखास राहते. वेल्क्रोचा ब्लाउज घट्ट शिवून चालत नाही. तुमची छाती ४० आहे, तर तयार ब्लाउज बंद करून ४२ भरला पाहिजे. एरवी फिटिंगसाठी यापेक्षा कमी जागा सोडतात. इथं ती कमी पडली तर बसताना, खोकताना पट्टी उघडेल आणि दोष वेल्क्रोला दिला जाईल. शिवाय बाजूच्या शिलाईत दोन्हीकडे एकेक इंच माया ठेवायला सांगा.

आता खांदा. बहुतेक जणी सांगतात, "हात जात नाही, मुंढा मोठा करा." शिंपीण मुंढा खाली खोल कापते, बाही घालायला सोपी होते, आणि तरीही हात उचलला की सगळा ब्लाउज वर चढतो, पोट उघडं पडतं. मुंढा जितका खाली, तितका हात बाजूला अडकतो, कारण हात उचलताना बाहीबरोबर बाजूची शिलाईही ओढली जाते. त्यामुळे मुंढा काखेच्या जवळच ठेवायचा आणि काखेत चौबगला घालायचा. जुन्या बाराबंदीला, सदऱ्याला काखेत जो चौकोनी तुकडा असायचा तोच. तीन इंचांचा चौकोन कापायचा, शिवून अडीच इंच राहतो, त्याचं एक टोक बाहीत, एक टोक बाजूच्या शिलाईत. तो शंकरपाळ्यासारखा तिरका बसतो, म्हणजे हात हलला की कापड तिरक्या धाग्यावर ताणतं आणि पुन्हा जागेवर येतं. तुमच्या उजव्या बाजूला तो हवाच, पण दोन्ही बाजूंना घाला, नाहीतर ब्लाउज एका अंगाला झुकतो. बाही कोपराच्या किंचित वर, आणि दंड १३ आहे तर बाहीचा घेर साडेपंधरा. बाहीच्या काठाला जरीची जाड पट्टी लावू नका, ती ताणत नाही आणि नेमकी दंडाच्या मऊ भागावर रुतते.

घालण्याची रीतही ठरवून घ्या. पलंगाच्या कडेवर किंवा खुर्चीवर बसायचं. ज्या हाताला त्रास आहे त्या हातात बाही आधी, म्हणजे तुमचा उजवा हात आधी, अगदी खांद्यापर्यंत ओढून घ्यायचा. मग डावा हात पाठीमागे नेऊन ब्लाउज पुढे आणायचा आणि डाव्या बाहीत घालायचा. काढताना उलटं, डावा आधी, उजवा शेवटी. फिजिओथेरपीवालेही हेच शिकवतात. दुखरा हात शेवटी घालायला गेलात की तो मागे वळवावा लागतो, आणि तीच हालचाल तुमच्यात उरलेली नाही. आतली बॉडीससुद्धा पुढून उघडणारी घ्या. ती नको असेल तर ब्लाउजच्या पुढच्या भागाला अस्तर दुहेरी घालून खालचा पट्टा दीड इंच रुंद करता येतो, तेवढा आधार बऱ्याच जणींना पुरतो.

कापडाबद्दल. साठीनंतर कातडी पातळ आणि कोरडी होते, आणि जे तरुणपणी जाणवत नव्हतं ते टोचायला लागतं. ब्रोकेडचं कापड वरून देखणं, पण उलटं करून बघा, जरीचे मोकळे धागे मागे आडवे पडलेले असतात. ते मानेपाशी, काखेत घासतात आणि घामाबरोबर लाल पुरळ उठतं. खण घ्यायचा असेल तर मऊ सुताळ घ्या आणि शिवण्याआधी एक पाणी द्या, म्हणजे खळ निघून जाते. अस्तर मलमलचं हवं, पॉलिस्टरचं नको. वैशाखातली सांगली-मिरज तुम्हाला मी काय सांगू. अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून मगच कापायला सांगा. नाहीतर पहिल्या धुण्यात आतलं अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि ब्लाउज सुरकुततो. आतल्या सगळ्या शिलाया अस्तराच्या आत दडवून घ्या. शिंपीण कुरकुर करील, थोडे जास्त पैसे घेईल, द्या.

आता दोन साड्यांचं. मुलानं घेतलेली टिश्यू मुंजीला नेसू नका. टिश्यूत जरीचा धातूचा तार सगळ्या अंगभर विणलेला असतो. ती अंगासरशी पडत नाही, कमरेशी फुगते, बसून उठलं की पडलेली घडी तशीच राहते. निऱ्या चेपायला बोटांत जोर लागतो. आणि मोतिया रंग तुमच्या चेहऱ्याला काही देत नाही, त्याबद्दल खाली लिहिते. मुलाला वाईट वाटेल असं वाटत असेल तर संध्याकाळी घरी पाहुणे बसतील तेव्हा तासभर नेसा, पंख्याखाली, खुर्चीत बसून.

नारायणपेठ नेसा. ती अंगाला मऊ पडते, चौकडी असेल तर डाग-सुरकुती झाकते, काठ ठसठशीत असतो आणि तिचं वजन सोसतं. पण जुनी आहे, म्हणून आधी तपासा. साडी उलगडून खिडकीसमोर धरा. घडीच्या रेषेवर उजेड जास्त दिसतोय का बघा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की त्या रेषेवर तुटते. अशा जागी दोन्ही हातांनी अगदी हळू ताणून बघा. बारीक चरचर आवाज आला किंवा धागे सरकले तर ती साडी पिन आणि टाके सोसणार नाही. काठावर ताण कमी पडतो, त्यामुळे नुसता काठ शाबूत बघून समाधान मानू नका. साडी बरी निघाली तर एक दिवस सावलीत वाऱ्यावर टाका आणि नव्या घडीनं ठेवा.

निऱ्या तुमच्या बोटांनी दरवेळी घालायला नकोत. बाजारात शिवलेल्या साड्या मिळतात आणि शिंपी तुमचीही साडी कापून तशी करून देतात, पण या साडीला कात्री लावू नका. न कापता, हाताच्या टाक्यांनी ती तात्पुरती शिवता येते आणि मुंज झाल्यावर उसवता येते. एका निवांत दुपारी सुनेला किंवा बहिणीला बसवा. त्या दिवशी घालणार असाल ती चप्पल पायात घालूनच उभ्या राहा आणि साडी नेसवून घ्या. काठ जमिनीपासून दीड इंच वर ठेवा. कार्यालयाला पायऱ्या असतात, आणि हातात ओवाळणीचं ताट असताना निरी पायाखाली आली तर सावरायला हात मोकळा नसतो. निऱ्या पाच पुरे, थोड्या रुंद. मग निऱ्या मोठ्या पिनांनी धरून साडी तशीच उतरवा.

सुती कापडाची दोन इंच रुंद पट्टी घ्या. साडीचा पहिला वेढा आणि त्यापुढच्या निऱ्या, एवढ्या भागाच्या वरच्या कडेला आतून ही पट्टी टाचायची. तुमची कंबर ३८, निऱ्यांचा गठ्ठा वर चढायला आठेक इंच, म्हणजे पट्टी ४६ इंच. बारीक सुई, सुती दोरा, अर्ध्या इंचाचे धावते टाके. जरीच्या काठातून सुई घालायची नाही, काठाच्या आतल्या कडेला घालायची. पट्टीच्या सुरुवातीला एक आणि शेवटाला एक पॅन्टचा हुक. आता साडी नेसायची म्हणजे पट्टी कमरेभोवती गुंडाळायची, आतला हुक लावायचा, निऱ्या समोर आल्या की बाहेरचा हुक लावायचा, आणि उरलेली साडी पाठीमागून उजव्या काखेखालून घेऊन पदर डाव्या खांद्यावर. दोन मिनिटांचं काम, आणि सगळं कमरेच्या उंचीवर, हात वर न नेता.

परकर मात्र नीट पाहिजे, नाहीतर हे सगळं खाली येतं. नाडी तुमच्या बोटांना नको, हे बरोबर. पण नाडीऐवजी सगळीकडे इलॅस्टिक घातलेला परकर साडीच्या वजनानं तासाभरात सरकतो, आणि बाई दिवसभर कंबर सावरत बसते. इलॅस्टिक फक्त मागच्या अर्ध्या भागात, एक इंच रुंद. पुढचा अर्धा भाग सपाट दुहेरी पट्ट्याचा, आणि डाव्या बाजूला पॅन्टचा हुक, त्यासाठी दोन घरं एक इंच अंतरावर. सकाळी आतलं घर, जेवणानंतर बाहेरचं. परकर सुतीच हवा. साटीनवर रेशमी साडी घसरते. अंगाला चिकटून बसणारे तयार परकर हल्ली मिळतात, ते चालायला ठीक, पण बाथरूममध्ये वर ओढायला आणि परत खाली करायला दोन्ही हातांत जोर लागतो. तुमच्यासाठी नकोत.

पदराला पिन लावायची वेळ आली की उजवा हात डाव्या खांद्यावर न्यावा लागतो, आणि तिथं बारीक पिन उघडायची. तेही टाळू. पदराच्या चुण्या खांद्यावर जिथं बसतात तिथं दोन टाके घालून घ्या, त्याखाली मलमलच्या तुकड्यावर दोन इंचांचा मऊ वेल्क्रो शिवून तो तुकडा पदराला टाचा. ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर तेवढाच काटेरी तुकडा. माप अगदी सारखं हवं, कारण काटेरी भाग जरा जरी उघडा राहिला तर नारायणपेठेचे धागे ओढून काढतो. साडी काढल्यावर ब्लाउजचे सगळे वेल्क्रो मिटवूनच घडी करा, धुतानाही मिटवूनच. पदर गुडघ्यापर्यंत पुरे. पोटरीपर्यंत सोडलात तर खुर्चीवर बसताना दरवेळी गोळा करावा लागेल.

रंगाचं शेवटी लिहितेय, पण मला त्याबद्दल मनापासून बोलायचंय. केस पांढरे झाले, भुवया विरळ झाल्या, ओठांचा रंग उतरला, की चेहऱ्यातला उठाव मुळातच कमी होतो. त्याच्याजवळ मोतिया, राखी, फिका बदामी आणला की केस, चेहरा, कापड सगळं एका पातळीवर येतं आणि बाई दमलेली दिसते. फोटोत तर जास्तच. वयाला फिकं शोभतं हे आपण ऐकत आलो, पण आरशासमोर ते खरं ठरत नाही. डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, रामा हिरवा, वांगी हे रंग भरलेले असतात पण झगझगीत नसतात. पांढरे केस त्यांच्याशेजारी शोभून दिसतात.

स्वतः करून बघा. सकाळी नऊच्या सुमारास दारापाशी उजेडाकडे तोंड करून बसा, ऊन अंगावर नको. केस मोकळे, पावडर नाही. हनुवटीखाली आधी टिश्यू धरा, मग नारायणपेठ, मग घरात असेल ती डाळिंबी ओढणी किंवा खण. कापडाकडे बघायचं नाही, डोळ्यांखालच्या काळसर भागाकडे आणि नाकापासून ओठांकडे उतरणाऱ्या रेषांकडे बघायचं. ज्या रंगानं त्या गडद होतात तो नको. मग हेच रात्री ट्यूबलाइटखाली करा, कारण कार्यालयाच्या आतला उजेड पांढराच असतो. वांगी रंग पांढऱ्या उजेडात थोडा काळपट पडतो. म्हणून मी तुमचा ब्लाउज वांगी करणार नाही. काठाच्या हळदी रंगाचाही नाही, पिवळ्याची झाक थेट गालावर चढते. डाळिंबी खण घ्या. चेहऱ्याजवळ ब्लाउज येतो, साडीचा गडद रंग खाली राहतो, हळदी काठ खांद्यावर एवढीशी रेघ देतो.

कापड घ्यायला कापड पेठेत जाल तेव्हा नातीला बरोबर न्या. वयानं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळा-जांभळा ओळखणं अवघड होतं. वांगी म्हणून बाई नेव्ही ब्लू दोरा घेऊन येते, हे मी नेहमी बघते. दुकानातून कापड बाहेर आणून उजेडात बघा, आणि साडी बरोबर न्या, अंदाजानं जुळवू नका.

आणि यजमान गेल्यापासून फिकं नेसते, असं तुम्ही लिहिलंत. तुमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ च्या मे महिन्यात ठराव केला की विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्यानंतर राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तुम्ही मुंजीत आजी म्हणून उभ्या राहणार आहात आणि ती वांगी साडी तुमचीच आहे, तुम्ही ती आवडून नेसत होतात. डाळिंबी ब्लाउजचा संकोच वाटत असेल तर मोरपंखी घ्या, तोही चेहऱ्याला उजळतो. पण मोतियाकडे परत जाऊ नका.

बोटांचे सांधे सकाळी तासाभराहून जास्त वेळ ताठ राहत असतील, गरम लागत असतील, तर ते नुसत्या वयाचं समजू नका, मिरजेत दाखवून या. ते शिवणकामानं सुटणारं नाही.

वेळेचं बघा. वैशाखात लग्नसराईनं सगळ्या शिंपिणी गळ्यापर्यंत भरलेल्या असतात. कापड मुंजीच्या निदान एक महिना आधी टाका आणि ट्रायल आठ-दहा दिवस आधी ठरवा. ट्रायलला नुसतं आरशात बघून "छान झालाय" म्हणून येऊ नका. दुकानातच पडदा ओढून एकटीनं ब्लाउज घाला, बंद करा, उघडा, काढा. खुर्चीवर बसा, खाली वाकून चप्पल उचला, ताट धरल्यासारखे दोन्ही हात पुढे करून गोल फिरवा. पट्टी मध्ये उघडली तर चपटा हुक अर्धा इंच वर घ्यायला सांगा. काखेत ओढलं तर चौबगला मोठा हवा, मुंढा नव्हे. मानेमागे सैल पडला तर मागचा गळा अर्धा इंच कमी करून घ्या. घरी आल्यावर एका सकाळी, अंघोळीनंतर, अंग किंचित ओलं असताना पुन्हा घालून बघा, मुंजीच्या दिवशी पहाटे तुम्ही तशाच अवस्थेत घालणार आहात. चप्पल मागे पट्टा असलेली, घरात आठवडाभर वापरून मऊ केलेली. पर्समध्ये दोन मोठ्या सेफ्टी पिना आणि एक सुती पातळ ओढणी ठेवा, कार्यालयाचा कूलर अंगावर आला तर डाव्या खांद्यावरून टाकता येईल.